लाभांशाच्या नऊ ओळी

ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये 'डिव्हिडंड' नावाचं एक पान असतं. तारीख, कंपनी, शेअरची संख्या, प्रति शेअर लाभांश, एकूण रक्कम आणि तळाशी ठळक अक्षरांत बेरीज. या पानाचा स्क्रीनशॉट काढून तो घरच्यांना किंवा सीएला पाठवला जातो आणि मग प्रश्न येतो: वर्षाला मिळतात किती, आणि यील्ड किती पडतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर चित्रात आहे असं वाटतं आणि दुसऱ्याचं चटकन काढता येईल असं वाटतं. प्रत्यक्षात पहिलं उत्तर चित्रात अर्धवट असतं. दुसऱ्याचा छेद तर चित्रात नसतोच, कारण लाभांशाच्या पानावर शेअरचा भाव कुठेही लिहिलेला नसतो.

एक नमुना घेऊन हे करून पाहू. शेअरची संख्या मी गणितासाठी ठरवली आहे, पण प्रति शेअर लाभांश खरे आहेत, त्या त्या कंपनीने दिलेले. आर्थिक वर्ष २०२४-२५ आणि कंपन्या तीन: आयटीसी, टीसीएस, कोल इंडिया.

मे २०२४ – टीसीएस – ५० × २८.०० = १,४००
जून २०२४ – आयटीसी – ३०० × ७.५० = २,२५०
जुलै २०२४ – टीसीएस – ५० × १०.०० = ५००
ऑगस्ट २०२४ – कोल इंडिया – २०० × ५.०० = १,०००
ऑक्टोबर २०२४ – टीसीएस – ५० × १०.०० = ५००
नोव्हेंबर २०२४ – कोल इंडिया – २०० × १५.७५ = ३,१५०
जानेवारी २०२५ – टीसीएस – ५० × ७६.०० = ३,८००
जानेवारी २०२५ – कोल इंडिया – २०० × ५.६० = १,१२०
फेब्रुवारी २०२५ – आयटीसी – ४०० × ६.५० = २,६००

बेरीज ₹१६,३२०. बेरजेत चूक नाही. पण "वर्षाला किती मिळतात" याचं उत्तर १६,३२० असं दिलं, तर ते चुकीचं ठरेल.

आधी चित्रातून आकडे बाहेर काढायला हवेत. हल्ली फोनच फोटोतला मजकूर उचलून देतो, त्यामुळे हाताने टंकण्याचे कष्ट वाचतात, पण आकड्यांच्या बाबतीत हे उचलणं भरवशाचं नसतं. रुपयाचं चिन्ह अनेकदा ७ किंवा २ असं वाचलं जातं आणि ₹५०० चे ७५०० होतात. दशांश टिंब गळतं आणि १५.७५ चे १५७५ होतात. हजाराच्या स्वल्पविरामाचं टिंब होतं, मग १,१२० रुपयांचा एक रुपया बारा पैसे होतो. सुदैवाने अशा पानावर प्रत्येक ओळीत स्वतःची तपासणी दडलेली असते, कारण संख्या गुणिले दर म्हणजे रक्कम. स्प्रेडशीटमध्ये B स्तंभात संख्या, C मध्ये दर आणि D मध्ये रक्कम ठेवून शेजारच्या स्तंभात एवढंच लिहावं:

```
=ROUND(B2*C2-D2,2)
```

उत्तर शून्य आलं की ओळ बरोबर उतरली. शून्य नसेल तर आधी वाचनाची चूक शोधावी. ती सापडली नाही, तर ओळीतली रक्कम दुसऱ्याच काही हिशेबाची आहे असं समजावं. बहुतेक वेळा तो करकपातीचा हिशेब असतो, त्याकडे पुढे येऊ.

दुसरी तपासणी ओळी गळल्या आहेत का याची. फोनच्या पडद्यावर सहा-सात ओळी मावतात, म्हणून लांब यादीचे दोन-तीन स्क्रीनशॉट होतात. त्यांच्या सांध्यावर एखादी ओळ राहून जाते किंवा दोनदा येते. चित्रात तळाची बेरीज दिसत असेल तर तिच्याशी जुळवून पाहावं. दिसत नसेल, तर कंपनी साधारणपणे वर्षातून किती वेळा लाभांश देते ते आठवावं. टीसीएस दर तिमाहीला देते, म्हणून यादीत तिच्या तीनच ओळी दिसल्या तर काहीतरी निसटलं आहे. आयटीसीची प्रथा वर्षातून दोनदाची, एक अंतरिम आणि एक अंतिम.

आता तारीख. ब्रोकरच्या यादीतली तारीख बहुधा एक्स-डेट असते, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही ती तारीख. पैसे त्या दिवशी येत नाहीत. आयटीसीच्या २०२४ च्या अंतिम लाभांशाची तारीख जूनच्या सुरुवातीची होती आणि रक्कम बँकेत आली जुलैच्या अखेरीस, कारण अंतिम लाभांशाला वार्षिक सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. शिवाय हे पैसे ब्रोकरमार्फत येतही नाहीत. डिमॅट खात्याला जोडलेल्या बँक खात्यात ते कंपनीकडून थेट जमा होतात. म्हणजे ब्रोकरच्या पानावरची रक्कम ही मिळालेल्या पैशांची नोंद नसून "एवढे मिळायला हवेत" असा त्याने मांडलेला हिशेब असतो. हा फरक लक्षात ठेवला की बँकेच्या पासबुकाशी न जुळणारे आकडे बुचकळ्यात टाकत नाहीत.

न जुळण्याचं मुख्य कारण टीडीएस. १ एप्रिल २०२० पासून लाभांशावरचा कर भागधारकाच्या हातात लागतो, आणि एका कंपनीकडून वर्षभरात ठरावीक रकमेच्या वर लाभांश मिळाला, तर कंपनी १० टक्के कापून उरलेले पाठवते. पॅन दिलेला नसेल तर २० टक्के. ही मर्यादा २०२४-२५ पर्यंत ₹५,००० होती, १ एप्रिल २०२५ पासून ती ₹१०,००० झाली. आपल्या नमुन्यात टीसीएसचे ६,२०० होतात आणि कोल इंडियाचे ५,२७०, दोन्ही जुन्या मर्यादेच्या वर. आयटीसीचे ४,८५० मात्र खाली राहतात.

टीसीएसच्या पहिल्या तीन हप्त्यांची बेरीज २,४००, तोवर मर्यादा दूर आहे. जानेवारीच्या ३,८०० ला ती ओलांडली जाते. या हप्त्यावरच १० टक्के कापले, तर बँकेत ३,४२० येतील. वर्षभराच्या ६,२०० वरचे ६२० याच हप्त्यातून वळते केले, तर ३,१८० येतील. बँकेच्या स्टेटमेंटचा स्क्रीनशॉट हाती असेल, तर रक्कम संख्येने भागून पाहावी. ३,४२० ला ५० ने भागलं की ६८.४० येतात, आणि ६८.४० हे ७६ च्या बरोबर नव्वद टक्के आहेत. १० टक्क्यांच्या कपातीची हीच खूण. ३,१८० ला भागलं तर ६३.६० येतात आणि हा आकडा कशाशीच जुळत नाही. अशा वेळी आधीच्या हप्त्यांवरचा करही याच हप्त्यातून गेला असावा असा तर्क करून फॉर्म २६एएसमध्ये खात्री करावी, तिथे कापलेली रक्कम कंपनीच्या नावासह दिसते.

यील्डसाठी नेहमी कापण्याआधीची रक्कम घ्यायची. कर हा ज्याच्या-त्याच्या उत्पन्नावर अवलंबून असतो आणि कापलेला टीडीएस विवरणपत्रात वळता होतो. शेअरच्या यील्डशी त्याचा संबंध नाही. घरखर्चाला किती रक्कम हाती येईल हा प्रश्न वेगळा, त्याचं गणितही वेगळं करावं.

आता मुख्य काम. तळाच्या बेरजेकडे दुर्लक्ष करायचं आणि प्रत्येक कंपनीचा प्रति शेअर वर्षाचा लाभांश काढायचा. कारण बेरजेत दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: कंपनीने किती दिलं आणि त्या त्या वेळी आपल्याकडे किती शेअर होते. आयटीसीच्या ओळी पाहा. जूनमध्ये ३०० शेअर होते, फेब्रुवारीत ४००, मधल्या काळात १०० घेतले. वर्षाचे मिळाले ४,८५०. ते आजच्या ४०० शेअरने भागले तर प्रति शेअर १२ रुपये १२ पैसे येतात. असा लाभांश आयटीसीने कधीच दिलेला नाही. दर स्तंभातून थेट घेतलं तर ७.५० आणि ६.५० मिळून १४ रुपये. पुढच्या वर्षाचा अंदाज बांधायचा तर ४०० गुणिले १४, म्हणजे ५,६०० रुपये. चित्रातल्या रकमेहून साडेसातशे जास्त.

टीसीएसमध्ये उलटं होतं. जानेवारीच्या ओळीत ७६ रुपये दिसतात. त्याआधी दोनदा दहा-दहा दिलेल्या कंपनीने एकाएकी ७६ दिले, म्हणजे आत काहीतरी निराळं आहे. त्या ७६ मध्ये १० रुपये नेहमीचा तिमाही अंतरिम लाभांश होता आणि ६६ रुपये विशेष लाभांश. काही अ‍ॅप या दोन ओळी वेगळ्या दाखवतात, काही एकत्र करतात. एकत्र असतील तर चित्रावरून कळायला मार्ग नाही. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरची कंपनीची घोषणा पाहावी लागते. नेहमीच्या रकमेच्या दुप्पट-तिप्पट रक्कम दिसली की ती पाहायचीच, असा नियम मी ठेवतो.

विशेष लाभांश वर्षाच्या उत्पन्नात धरायचा की नाही, यावर जाणकारांत दोन मतं असतात, आणि टीसीएसच्या बाबतीत तर दोन्हींना आधार आहे. या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये ६७ रुपये, जानेवारी २०२४ मध्ये १८ आणि जानेवारी २०२५ मध्ये ६६ असा सलग तीन वर्षं विशेष लाभांश दिला. म्हणजे याला 'एकदाच मिळालेलं' म्हणता येत नाही. पण मधले १८ रुपये पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने सतरा हजार कोटी रुपयांची शेअर पुनर्खरेदी केली होती, रोकड त्या वाटेने गेली आणि विशेष लाभांश आटला. भागधारकांना द्यायची रक्कम साधारण ठरलेली, पण ती कोणत्या खिडकीतून येईल हे संचालक मंडळ ठरवणार. माझं मत असं, की नेहमीच्या उत्पन्नात ती धरू नये. वेगळ्या स्तंभात लिहावी आणि आली तर वरचा खर्च काढावा. म्हणून टीसीएसचे नियमित २८ अधिक तीनदा १०, असे ५८ रुपये. ५० शेअरचे २,९००. चित्रात दिसणारे ६,२०० अर्ध्याहून खाली येतात.

कोल इंडिया इथे सरळ आहे. ५, १५.७५ आणि ५.६० मिळून २६.३५, २०० शेअरचे ५,२७०.

तिन्हींची बेरीज ५,६०० अधिक २,९०० अधिक ५,२७०, म्हणजे १३,७७०. चित्राच्या तळाशी १६,३२० होते. दोन्ही आकडे खरे आहेत, पण पहिला 'आजच्या शेअरवर वर्षाला नियमित किती' याचं उत्तर आहे आणि दुसरा 'गेल्या वर्षी एकूण किती' याचं. यादीत अशी एखादी कंपनी असेल जिचे शेअर नंतर विकून टाकले, तर तिची ओळ दुसऱ्या आकड्यात राहते आणि पहिल्यातून जाते.

आता छेदाकडे. यील्ड म्हणजे प्रति शेअर वर्षाचा लाभांश भागिले शेअरचा भाव, गुणिले शंभर. भाव कोणता? आजचा, म्हणजे ज्या दिवशी गणित करतो त्या दिवसाचा. मार्च २०२५ च्या अखेरीस आयटीसी ४१० च्या आसपास होता, टीसीएस ३,६०० च्या आणि कोल इंडिया ४०० च्या. हे गोल आकडे धरले तर आयटीसीचं यील्ड ३.४१ टक्के, टीसीएसचं १.६१ आणि कोल इंडियाचं ६.५९. टीसीएसचा विशेष लाभांश धरला असता तर ३.४४ आले असते आणि टीसीएस आणि आयटीसी एकाच तोलाच्या वाटल्या असत्या.

इथे एक ठेच हमखास लागते. संपूर्ण पोर्टफोलिओचं यील्ड काढायला तीन टक्केवाऱ्यांची सरासरी घेतली जाते. ती येते ३.८७. पण तिन्हींत गुंतलेली रक्कम सारखी नाही. टीसीएसमध्ये १,८०,००० आहेत, आयटीसीमध्ये १,६४,००० आणि कोल इंडियात फक्त ८०,०००. सगळ्यात जास्त यील्ड सगळ्यात छोट्या रकमेवर आहे, म्हणून साधी सरासरी फुगते. बरोबर रीत म्हणजे एकूण उत्पन्न भागिले एकूण बाजारमूल्य: १३,७७० भागिले ४,२४,०००, म्हणजे ३.२५ टक्के. स्प्रेडशीटमध्ये B मध्ये संख्या, C मध्ये प्रति शेअर वर्षाचा लाभांश आणि D मध्ये भाव असेल तर एकच ओळ पुरते:

```
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)/SUMPRODUCT(B2:B4,D2:D4)*100
```

गंमत अशी, की स्क्रीनशॉटच्या तळाची बेरीज थेट वापरली तर १६,३२० भागिले ४,२४,००० म्हणजे ३.८५ येतात. सरासरीच्या चुकीने आले होते ३.८७. दोन वेगवेगळ्या चुका जवळजवळ एकाच आकड्यावर पोचतात, आणि एकाने दुसऱ्याचं गणित तपासलं तर दोघांनाही आपलं बरोबर आहे असं वाटतं.

अजून एक गोष्ट राहते. लाभांशाच्या पानावर फक्त लाभांश देणाऱ्या कंपन्या दिसतात. ज्यांनी वर्षभरात काहीच दिलं नाही, त्या चित्रात नसतात. पण त्यांतही पैसे अडकलेले आहेतच. आपल्या नमुन्यातच असा एक लपलेला शेअर आहे. जानेवारी २०२५ मध्ये आयटीसीचा हॉटेल व्यवसाय वेगळा झाला आणि आयटीसीच्या दर दहा शेअरमागे आयटीसी हॉटेल्सचा एक शेअर मिळाला. ४०० शेअर असणाऱ्याच्या डिमॅटमध्ये ४० आले. तो शेअर बाजारात नोंदला गेला जानेवारीच्या अखेरीस, मार्चपर्यंत त्यावर लाभांश मिळण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून लाभांशाच्या यादीत त्याचं नावही नाही. भाव दोनशेच्या आसपास धरला तर त्याचे ८,००० रुपये होतात. छेद ४,३२,००० झाला की यील्ड ३.१९ वर येतं. इथे फरक किरकोळ आहे, पण निम्मा पोर्टफोलिओ लाभांश न देणाऱ्या कंपन्यांचा असेल तर यील्ड निम्मंच होईल. म्हणून लाभांशाच्या स्क्रीनशॉटसोबत 'होल्डिंग्ज' पानाचा, त्याच दिवशीचा, स्क्रीनशॉटही मागावा. त्याशिवाय पोर्टफोलिओचं यील्ड सांगणं म्हणजे अंदाज सांगणं आहे.

आजच्या भावाऐवजी खरेदीच्या भावाने भागण्याचीही पद्धत आहे. कोल इंडिया १८० रुपयांना घेतला असेल, तर २६.३५ भागिले १८० म्हणजे १४.६४ टक्के येतात, आणि हा आकडा चारचौघांत सांगायला फार आवडतो. तो खोटा नाही, पण त्याने निर्णय घेता येत नाही. आज तो शेअर विकला तर १८० नव्हे, ४०० रुपये हातात येतील. मुदत ठेवीशी किंवा दुसऱ्या शेअरशी तुलना करायची ती त्या ४०० वरच्या ६.५९ शी. शिवाय आयटीसीसारखं विभाजन झालं की खरेदीची किंमत दोन्ही कंपन्यांत वाटून घ्यावी लागते. अ‍ॅपने ती वाटली नसेल तर हा आकडाही चुकतो.

काही पानांवर दर रुपयांत नसून टक्क्यांत असतो आणि तिथे नवखा माणूस हमखास फसतो. घोषणेतली टक्केवारी दर्शनी मूल्यावरची असते. कोल इंडियाचं दर्शनी मूल्य १० रुपये, म्हणून १५.७५ म्हणजे १५७.५ टक्के. टीसीएसचं १ रुपया, म्हणून ७६ म्हणजे ७,६०० टक्के. यील्डशी या टक्क्यांचं काहीही नातं नाही.

आता या विषयातली मला सगळ्यात रंजक वाटणारी अडचण: 'वर्ष' म्हणजे कुठून कुठपर्यंत? बहुतेक अ‍ॅप आणि माहिती देणारी संकेतस्थळं आजपासून मागे ३६५ दिवस मोजतात आणि त्यात पडलेले सगळे लाभांश जोडतात. ऐकायला निर्दोष वाटतं. पण कंपन्यांच्या तारखा दरवर्षी थोड्या पुढे-मागे सरकतात. कोल इंडियाने २०२३-२४ चा पहिला अंतरिम लाभांश १५.२५ रुपये दिला, त्याची रेकॉर्ड डेट होती २१ नोव्हेंबर २०२३. पुढच्या वर्षी १५.७५ ची रेकॉर्ड डेट आली ५ नोव्हेंबर २०२४ ला, म्हणजे सोळा दिवस आधी. समजा १० नोव्हेंबर २०२४ ला स्क्रीनशॉट काढला. मागच्या ३६५ दिवसांत दोन्ही मोठे हप्ते सापडतात. मधले ५.२५ आणि ५ धरून बेरीज होते ४१.२५. खरा वर्षाचा लाभांश त्या वेळी २६ रुपये होता. पंधरवड्याभरासाठी कोल इंडियाचं यील्ड दीडपटीहून जास्त दिसत राहिलं, आणि कंपनीने काहीच वेगळं केलं नव्हतं.

आयटीसीत याच्या बरोबर उलट. २०२४ च्या अंतरिम लाभांशाची रेकॉर्ड डेट ८ फेब्रुवारी होती, २०२५ ची १२ फेब्रुवारी. मधे लीप वर्षाचा फेब्रुवारी, म्हणून अंतर ३७० दिवसांचं. १० फेब्रुवारी २०२५ ला मागचे ३६५ दिवस मोजले तर जुना अंतरिम बाहेर पडलेला आणि नवा अजून आलेला नाही. हाती फक्त जूनचे साडेसात रुपये. चार-पाच दिवसांसाठी आयटीसीचं यील्ड निम्म्याच्या जवळ आलेलं दिसतं.

उपाय सोपा आहे: दिवस मोजायचे नाहीत, हप्ते मोजायचे. प्रत्येक कंपनीचा शेवटचा अंतिम लाभांश एक आणि शेवटच्या वर्षाचे अंतरिम जितके असतील तितके, एवढंच घ्यायचं. एकाच नावाचा हप्ता दोनदा आला तर जुना काढायचा. २०२४-२५ साठी कंपनीने जाहीर केलेला लाभांश आणि त्या वर्षात हाती पडलेला लाभांश यांतही म्हणूनच फरक असतो. आयटीसीचे हाती पडले १४ रुपये, पण २०२४-२५ साठी जाहीर झाले १४.३५, कारण ६.५० च्या जोडीला त्या वर्षाचा अंतिम ७.८५ ठरला आणि तो आला २०२५ च्या जुलैमध्ये. प्राप्तिकराच्या विवरणपत्रासाठी पहिला आकडा लागतो. पुढचा अंदाज बांधायला दुसरा चांगला, कारण तो ताजा आहे.

बोनस शेअर किंवा दर्शनी मूल्याची विभागणी झाली असेल तर आणखी एक पायरी वाढते. एचडीएफसी बँकेच्या २२ रुपये अंतिम लाभांशाची एक्स-डेट जून २०२५ मध्ये आली, ५ रुपये विशेष अंतरिमाची जुलैमध्ये, आणि ऑगस्टमध्ये एकास एक बोनस झाला. बोनसनंतर भाव निम्मा होऊन साडेनऊशेच्या आसपास आला. लाभांशाच्या जुन्या ओळीत मात्र २२ च लिहिलेले राहतात. २२ भागिले ९५० केलं तर २.३ टक्के येतात आणि बँकेचा लाभांश रातोरात दुप्पट झाल्यासारखा वाटतो. जुना दर निम्मा करायचा, ११ भागिले ९५०, म्हणजे १.१६. एकूण रकमेला इथे धक्का लागत नाही. १०० शेअरवर २२ रुपयांनी मिळालेले २,२०० आणि २०० शेअरवर ११ रुपयांनी होणारे २,२०० सारखेच. चूक होते ती जुना दर आणि नवी संख्या एकत्र गुणली की. 'होल्डिंग्ज'मधली संख्या लाभांशाच्या ओळीतल्या संख्येच्या बरोबर दुप्पट दिसली आणि आपण काही खरेदी केल्याचं आठवत नसेल, तर बोनस झाला का ते पाहावं.

हप्ते मोजण्याच्या नियमालाही मर्यादा आहे आणि ती कोल इंडियानेच २०२५ मध्ये दाखवली. आधीच्या दोन वर्षांत पहिला अंतरिम लाभांश नोव्हेंबरमध्ये एकरकमी आला होता. २०२५ मध्ये ऑगस्टलाच ५.५० रुपयांचा पहिला अंतरिम आला, त्याच महिन्यात ५.१५ चा अंतिमही आला, आणि नोव्हेंबरमध्ये दुसरा अंतरिम १०.२५ चा. ज्यांनी 'पहिला अंतरिम' या नावावरून तुलना केली, त्यांना ऑगस्टमध्ये लाभांश १५.७५ वरून ५.५० वर घसरल्यासारखा वाटला असता. ज्यांनी नोव्हेंबरची नोव्हेंबरशी केली, त्यांना तो तिसऱ्या हिश्श्याने कमी झालेला दिसला असता. ५.५० आणि १०.२५ ची बेरीज मात्र बरोबर १५.७५ होते. आदल्या वर्षीचीच रक्कम या वेळी दोन तुकड्यांत आली होती. २०० शेअरवाल्याच्या अंदाजात त्या ओळीसाठी ३,१५० लिहिलेले होते आणि नोव्हेंबरअखेर मिळालेही ३,१५०, फक्त यादीत एक ओळ वाढली.